अठरा पौंड कुठे गेले?

गेल्या ऑगस्टची गोष्ट. माझ्या पुतणीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. जागा पक्की करायला ५,००० पौंड आगाऊ भरायचे होते. ते पोचले की विद्यापीठ 'कॅस' देणार, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या अर्जासाठी लागणारं प्रवेशाचं अधिकृत पत्र. दादानं सांगलीतल्या आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन गुरुवारी, १४ ऑगस्टला दुपारी, फॉर्म भरला. खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला आणि घरात पेढे वाटले गेले.

बारा दिवसांनी, २६ तारखेला, विद्यापीठाच्या लेखा विभागाची ईमेल आली: आपल्या नावावर ४,९८२ पौंड जमा आहेत, ठेव अपुरी असल्यामुळे कॅस देता येत नाही.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली आहेत. असे अपुरे पोचलेले पैसे मी शेकड्यांनी पाहिले असतील. पण आपल्याच घरातली मुलगी व्हिसाच्या तारखा मोजत रडताना पाहिली, तेव्हा वाटलं, हे नीट लिहायला हवं. कारण दादाची फसवणूक कुणी केली नव्हती. फॉर्मवर एक रकाना त्यानं कोरा सोडला होता, एवढंच.

आधी ते अठरा पौंड कुठे गेले ते पाहू. पोस्टाची मनीऑर्डर ज्यांना आठवते त्यांना आठवेल की कमिशन खिडकीवर वेगळं द्यायचं आणि गावाकडे आईच्या हातात पूर्ण रक्कम पडायची. परदेशी बँक हस्तांतर तसं चालत नाही. सांगलीची शाखा पैसे थेट इंग्लंडला पाठवत नाही. तिच्या मुख्य कार्यालयाचं लंडनमधल्या एखाद्या मोठ्या बँकेत पौंडांचं खातं असतं. त्याला नोस्ट्रो खातं म्हणतात. आपली बँक 'स्विफ्ट' या जाळ्यावरून त्या बँकेला संदेश पाठवते, की आमच्या खात्यातून इतके पौंड काढून अमक्या विद्यापीठाच्या खात्यात द्या. विद्यापीठाचं खातं तिसऱ्याच बँकेत असलं तर रक्कम तिकडे सरकते. कधी वाटेत आणखी एक बँक येते. हे काम फुकट होत नाही, आणि पैसे कुणी द्यायचे हे संदेशातच लिहिलेलं असतं. त्यासाठी तीन संकेत आहेत. `OUR` म्हणजे वाटेतला सगळा खर्च पाठवणारा देईल. `SHA` म्हणजे आपल्या बँकेचा खर्च आपण देऊ, पुढचा खर्च रकमेतून कापा. `BEN` म्हणजे सगळाच खर्च घेणाऱ्याच्या रकमेतून. रकाना कोरा राहिला की बहुतेक बँकांत `SHA` धरलं जातं. दादाच्या संदेशात तेच गेलं, आणि मधल्या बँकेनं आपले अठरा पौंड उचलून उरलेले पुढे पाठवले. नियमाप्रमाणे तिचं काहीच चुकलं नव्हतं.

माझ्या पाहण्यात अशी कपात बहुधा दहा ते तीस पौंड किंवा डॉलर असते. रक्कम पाच हजारांची असो वा पन्नास हजारांची, कपातीत फारसा फरक पडत नाही. म्हणून फी चार हप्त्यांत पाठवणाऱ्याला ती चारदा बसते.

मी दादाला पहिलं काम सांगितलं, ते म्हणजे बँकेकडून स्विफ्टची प्रत मागून आणायची. काउंटरवर मिळालेली पावती वेगळी आणि ही प्रत वेगळी. पावतीवर आपल्या खात्यातून किती रुपये गेले ते दिसतं. प्रतीवर आपल्या बँकेनं पुढे नेमकं काय सांगितलं ते दिसतं. बँकेत तिला 'एमटी वन-झिरो-थ्री' म्हणतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँका आपसात नव्या साच्यातले संदेश वापरतात, त्यात `OUR` च्या जागी `DEBT` आणि `SHA` च्या जागी `SHAR` असं दिसतं, पण काउंटरवर नाव अजून जुनंच चालतं. दादाच्या प्रतीतल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
:32A:250818GBP5000,00
:70:TUITION FEE
:71A:SHA
```

या तीन ओळींत सगळी हकीकत आहे. पहिलीत तारीख, चलन आणि रक्कम. फॉर्म १४ तारखेला भरला, पण त्या दिवसाची वेळ टळून गेली होती. शुक्रवारी १५ ऑगस्ट, मग शनिवार-रविवार चलनबाजार बंद, म्हणून तारीख पडली सोमवार, १८ ऑगस्ट. तिसऱ्या ओळीत `SHA`. आणि मधल्या ओळीकडे बघा: नुसतं 'ट्युइशन फी'. विद्यार्थिनीचं नाव नाही, विद्यापीठानं दिलेला क्रमांक नाही. पैसे आले दादाच्या नावानं आणि प्रवेश पुतणीच्या नावानं. एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या खात्यात ऑगस्टमध्ये रोज असे शेकडो भरणे येतात. हा कुणाचा, हे शोधण्यात पुढचे दिवस गेले, त्यात २५ तारखेला तिकडे बँकांची सुट्टी आली. म्हणजे विलंबातला मोठा वाटा कपातीचा नव्हताच, तो या रिकाम्या ओळीचा होता.

या ओळीत फारशी जागा नसते. पस्तीस अक्षरांच्या चार ओळी, बस. त्यात सर्वांत आधी विद्यार्थ्याचा क्रमांक, मग पासपोर्टवरचं नाव, मग जागा उरली तर जन्मतारीख लिहावी. 'माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी' वगैरे मजकूर तिथे लिहू नये, कारण तो तिकडे कुणाला कळत नाही. बँकेच्या फॉर्मवर ही जागा अगदी चिंचोळी असते आणि टंकणारा माणूस ती सोडून देऊ शकतो. म्हणून संदेश जाण्याआधी मसुदा दाखवा म्हणावं. दाखवतात.

त्याच प्रतीवर, किंवा मागितल्यावर वेगळा, छत्तीस खुणांचा एक लांबलचक क्रमांक मिळतो. त्याला `UETR` म्हणतात. कुरिअरच्या पार्सलचा असतो तसाच हा क्रमांक पहिल्या बँकेपासून शेवटच्या बँकेपर्यंत बदलत नाही. आपल्या बँकेला त्यावरून रक्कम आता कुठे आहे आणि बहुतेक वेळा वाटेत कुणी किती कापले तेही दिसतं. 'पाठवलेत साहेब, पोचतील' या उत्तरावर थांबू नका, हा क्रमांक सांगा आणि शोध घ्यायला सांगा. तोच क्रमांक विद्यापीठाच्या लेखा विभागाला कळवला की त्यांनाही त्यांच्या बँकेत तपास करता येतो. आम्ही तेच केलं. क्रमांक, प्रत आणि पुतणीचा विद्यार्थी क्रमांक असं एका ईमेलमध्ये पाठवलं.

राहिले अठरा पौंड. ते पुन्हा बँकेतून पाठवायचे तर बँकेचं कमिशनच हजार रुपयांच्या आसपास, आणि वाटेत पुन्हा कपात. अठरा पौंड पाठवून शून्य पोचण्याचीच शक्यता. पुतणीनं ते विद्यापीठाच्या पोर्टलवर कार्डानं भरले. २९ तारखेला कॅस आलं.

आता मार्ग निवडण्याचं बोलू, कारण लोक मला सर्वांत जास्त तेच विचारतात. सर्वसाधारणपणे तीन मार्ग असतात. आपल्या बँकेतून स्विफ्ट. विद्यापीठानं नेमलेल्या भरणा कंपनीमार्फत. आणि क्रेडिट कार्ड. कार्डाचं लवकर उरकतो: चलनबदलाचा अधिभार बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो, वर जीएसटी, आणि काही विद्यापीठं स्वतःचाही अधिभार लावतात. तुटीचे अठरा पौंड भरायला कार्ड उत्तम, पूर्ण फीला नाही.

भरणा कंपन्यांपैकी फ्लायवायर आणि कन्व्हेरा ही नावं प्रवेशपत्रावर बऱ्याचदा दिसतात. यांची पद्धत अशी. विद्यापीठाच्या पोर्टलवरून आत जायचं, विद्यार्थ्याचा क्रमांक आणि पौंडांतली रक्कम टाकायची, की ते रुपयांत एक आकडा देतात. तो आकडा ठरलेल्या मुदतीपुरता पक्का असतो. पॅन, पासपोर्ट, प्रवेशपत्र अपलोड करायचं, घोषणापत्रावर सही करायची आणि आपल्या खात्यातून त्यांनी दिलेल्या भारतातल्या खात्यात आरटीजीएस करायचं. पुढचं काम त्यांचं. विद्यापीठाला पूर्ण रक्कम मिळते आणि ती विद्यार्थ्याच्या क्रमांकासह मिळते, म्हणजे दादाच्या दोन्ही अडचणी इथे उद्भवतच नाहीत. मुदत उलटली की मात्र आकडा रद्द होतो आणि नवा भाव घ्यावा लागतो.

मग स्वस्त कोणता? इथे लोक कमिशनची तुलना करतात आणि फसतात. एक हिशेब करून दाखवतो. समजा बाजारात पौंडाचा भाव ११६ रुपये आहे. बँकेनं तुम्हाला ११८ रुपये ५० पैसे लावला. ५,००० पौंडांचे झाले ५,९२,५००. चलनबदलावर जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. नियमानं ठरवलेल्या एका छोट्या मूल्यावर १८ टक्के लागतात, या रकमेला ते साधारण ६२३ रुपये होतात. बँकेचं कमिशन जीएसटीसह ११८० धरा आणि `OUR` चे १७७० धरा. एकूण ५,९६,०७३. याला ५,००० नं भागलं की एक पौंड पडला ११९ रुपये २१ पैशांना. भरणा कंपनीचा आकडा सगळं धरून ५,९५,००० असेल, तर तिथे पौंड पडला ११९ ला. जे काही भाव मिळतील त्यांना असा भागाकार करावा आणि ही एकच संख्या शेजारी शेजारी ठेवावी.

पण हिशेब परत वाचा. बाजारभावानं ५,८०,००० लागले असते. वरचे जे १६ हजार गेले त्यांतले साडेबारा हजार बँकेच्या भावातल्या फरकात आहेत. कमिशन, जीएसटी आणि `OUR` मिळून साडेतीन हजारांच्या जरा वर आहेत. जे पावतीवर 'शुल्क' म्हणून छापलेलं असतं ते थोडं, आणि जे भावात मुरलेलं असतं ते जास्त. म्हणून घासाघीस करायची ती भावावर. शाखाधिकाऱ्याला स्पष्ट विचारावं, की या रकमेला कोषागार विभागाकडून वेगळा भाव मिळेल का. जुन्या खातेदाराला, चांगल्या रकमेला, बहुधा मिळतो. एक रुपया कमी झाला तरी इथे पाच हजार वाचले. आणि `OUR` चे सतराशे रुपये वाचवायचा मोह मात्र अजिबात धरू नये. अठरा पौंडांचे रुपये एकवीसशे होतात.

अमेरिकेत पाठवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिथे `OUR` लिहूनही एखादी मधली बँक कापून घेते, असा अनुभव आहे. काही बँकांकडे पूर्ण रक्कम पोचवण्याची हमी देणारी वेगळी सोय असते, ती विचारून घ्यावी. ती नसेल आणि विद्यापीठाची भरणा कंपनी असेल, तर मी तिच्याकडूनच भरा म्हणेन. चलनही बिलातलंच हवं. बिल पौंडांत आणि पाठवले डॉलर, असं केलं की तिकडची बँक आपल्या भावानं बदल करते आणि किती पोचणार याचा काही भरवसा उरत नाही.

पैसे कोणाच्या खात्यातून पाठवायचे, हेही आधी ठरवावं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि जो पाठवतो त्याचा पॅन लागतो. ए-टू फॉर्मवर कारणाचा संकेत असतो. परदेशी जाऊन शिकणाऱ्याच्या फीला आणि वसतिगृहाला `S0305`. तो चुकला तर कराचा दर चुकू शकतो, कारण याच व्यवहारात बँक आयकर खात्यासाठी टीसीएस गोळा करते. २०२५-२६ साठी नियम असा होता: एका पाठवणाऱ्याचे वर्षभरातले पहिले १० लाख रुपये मोकळे, त्यावरच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर काहीच नाही. वर्षात १२ लाख गेले तर वरच्या २ लाखांवर १० हजार. हे पैसे बुडत नाहीत, पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा दिसतात आणि विवरणपत्रात वळते होतात. पण तोवर हाताशी लागतात. दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असतात, तेव्हा ज्या वर्षी पाठवाल त्या वर्षीचा नियम बँकेकडून विचारून घ्यावा. दादाचा पहिला हप्ता जवळजवळ सहा लाखांचा झाला होता. दुसरा तेवढाच होता, तो वहिनीनं आपल्या शिक्षिकेच्या पगारातल्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून पाठवला. तिची दहा लाखांची मर्यादा वेगळी.

हे सगळं घरच्याच खात्यातून करण्याला आणखी एक कारण आहे. व्हिसा नाकारला गेला आणि फी परत करायची वेळ आली, तर विद्यापीठं ती शक्यतो ज्या खात्यातून आली तिकडेच परत करतात. एखादा एजंट म्हणतो, रुपये माझ्याकडे द्या, मी तिकडच्या तिकडे भरतो, फीत पाच टक्के सूटही मिळवून देतो. अशा वेळी परतावा त्याच्याकडे जाईल. त्याहून वाईट म्हणजे ही 'सूट' चोरीच्या कार्डावरून भरलेल्या फीची असू शकते. पोर्टलवर फी भरलेली दिसते, काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, रक्कम उलटते आणि नोंद विद्यार्थ्याच्या नावावर राहते. बँक तपशील बदलल्याची ईमेल आली तरीही तिच्यावर विश्वास ठेवू नये. पोर्टलमध्ये स्वतः लॉगिन करून खातं ताडून पाहावं. ब्रिटनच्या आयबॅनमध्ये बरोबर बावीस खुणा असतात आणि सुरुवात `GB` नं होते. एवढं तरी फॉर्मवर बोट ठेवून मोजावं.

शेवटी पावती. लोकांकडे तीन कागद असायला हवेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. बँकेची पावती सांगते की तुमच्या खात्यातून रुपये गेले. ती टीसीएससाठी आणि कर्जाच्या फाईलसाठी लागते. स्विफ्टची प्रत सांगते की बँकेनं पौंड पाठवायला सांगितले. ती शोध घ्यायला लागते. पण फी भरली हे सिद्ध करते ती फक्त विद्यापीठाची पावती, जिच्यावर विद्यार्थ्याचं नाव, क्रमांक, मिळालेली रक्कम पौंडांत आणि मिळाल्याची तारीख असते. ब्रिटनच्या व्हिसासाठी जे पैसे खात्यात अठ्ठावीस दिवस दाखवायचे असतात, त्यातून भरलेली फी वजा होते. मात्र ती कॅसवर नोंदलेली असावी लागते किंवा विद्यापीठाच्या पावतीवर. तिथे स्विफ्टची प्रत दाखवून भागत नाही. कॅस हातात आलं की आधी त्यावरचा 'भरलेली रक्कम' हा आकडा पाहावा. चुकीचा असेल तर व्हिसाचा अर्ज करण्याआधी दुरुस्त करून घ्यावा, नंतर फार धावपळ होते.

पावती आपोआप येईल असं धरू नका. पुष्कळ विद्यापीठांत ती पोर्टलवर तयार होते, पण आपण डाउनलोड केल्याशिवाय मिळत नाही. काही ठिकाणी मागावी लागते. पैसे पाठवल्यावर पाच कामाचे दिवस वाट पाहावी, आणि सहाव्या दिवशी पोर्टलवर रक्कम दिसत नसेल तर प्रत आणि क्रमांक जोडून लेखा विभागाला लिहावं. प्रवेश विभागाला लिहू नये, त्यांना बँकेतलं काही दिसत नाही. `OUR` चे पैसे घेऊनही रक्कम कमी पोचली असेल, तर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

वहिनीनं जानेवारीत दुसरा हप्ता पाठवला तेव्हा मी शाखेत सोबत गेलो होतो. शाखाधिकाऱ्याकडून पाऊण रुपया कमी करून घेतला. फॉर्मवर तिनं स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत `OUR` लिहिलं. खाली पुतणीचा क्रमांक लिहिला. मसुदा पडद्यावर पाहिला, त्यातला क्रमांक आकडा-आकडा वाचला आणि मगच सही केली. ५,००० पाठवले, ५,००० पोचले, आणि चौथ्या दिवशी पुतणीनं पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

तुमच्या घरातून या वर्षी कुणी जाणार असेल तर बँकेत जाण्याआधी एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून खिशात ठेवा: विद्यार्थ्याचा क्रमांक, बिलातलं चलन, `OUR`, आणि 'स्विफ्टची प्रत मागणे'.